दोन बोटांची जागा

नलिनी घाडीला "असंच असतं, चालायचंच" हे वाक्य सहन होत नाही. कोणी म्हटलं की ती हातातलं काम खाली ठेवते आणि विचारते, "का चालायचं?" परळच्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्रात मी तिच्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसते. या बारा वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता घरीसुद्धा भाजीत मीठ कमी पडलं आणि आमचे हे म्हणाले "चालतंय", तर माझ्याच तोंडून निघतं, का चालतंय?

आमचं केंद्र म्हणजे दवाखान्यांच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीचा तळमजला. व्हीलचेअर, वॉकर, वर-खाली होणारे पलंग, हवेच्या गाद्या. ज्यांच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलाय ते येतात, वस्तू घेऊन जातात, काम झालं की परत आणून देतात. काम झालं म्हणजे काय, ते आम्ही विचारत नाही. चेहरा बघून कळतं.

नलू या केंद्रात आली ती आधी अशीच गादी न्यायला. नायगावला बीडीडी चाळीत त्यांची दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीतून निघालेले, आई पक्षाघाताने पडलेली. हवेची गादी मिळाली म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. गादी आहे ना, आता काय काळजी. कूस बदलायची असते, गादी असली तरी बदलायची असते, हे कोणी सांगितलं नाही. आईच्या माकडहाडाला जखम झाली आणि चार महिन्यांत ती त्या जखमेनेच गेली. नलू गादी परत द्यायला आली, धुऊन, पुसून, घडी घालून. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, "असंच असतं हो या दुखण्यात." ती म्हणाली, "तुम्ही गादी दिलीत, गादीचं सांगितलं नाहीत." त्यानंतर ती रोज येऊ लागली, गादी नेणाऱ्याला दारात उभं करून स्वतः सांगायला. शेवटी तिला नोकरीवर घेतलं. नाहीतरी ती येतच होती.

पण दारात उभं करून किती सांगणार? गादी न्यायला येतो तो मुलगा किंवा जावई, घाईत, खाली टेम्पो थांबवून. कूस बदलायची असते ती घरातल्या बाईला. म्हणून नलूने वेबिनारचा धोशा लावला. ओळखीच्या कालिंदी सिस्टर होत्या, तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. त्या महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, मोबाईलवर घराघरांतल्या बायकांना प्रत्यक्ष करून दाखवतील, असं ठरलं. कमिटीने दोन वेळा करून बघा म्हणून परवानगी दिली.

आता माझी चूक सांगते, कारण ती मी केली.

निमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी चांगलं आहे असं सगळे म्हणतात. गिरगावात मराठी शाळेत शिकले, निबंधात कायम पहिली, आमच्या वाडीतल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिकांचा मजकूर माझा. मी लिहिलं :

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
सस्नेह निमंत्रण
महोदय / महोदया,
आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या संस्थेच्या विद्यमाने, संस्थेच्या माननीय अध्यक्ष महोदयांच्या अध्यक्षतेखाली व माननीय विश्वस्तांच्या प्रमुख उपस्थितीत…

अशा चौदा ओळी. त्यात चार नावं, प्रत्येक नावाआधी 'मा.' लावलेलं. शिवाय 'रुग्णशुश्रूषा : एक चिंतन' हा विषय, 'तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करून कार्यक्रमाची शोभा वाढवावी', मग 'आपले नम्र', मग पुन्हा नावं, केंद्राचा पत्ता, आणि अगदी खाली तारीख, वेळ, लिंक. आमचे सचिव तात्या यांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! अंबिकाताई, याला म्हणतात निमंत्रण." मी खूश.

पहिल्या वेळी सात जण आले. त्यातले चार कमिटीचे.

दुसऱ्या वेळी मी चिंतनाच्या जागी 'एक दृष्टिक्षेप' घातलं. पुन्हा शनिवारची दुपार. कालिंदी सिस्टर आमच्याच ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, शेजारी उशा मांडून. चारला पाच कमी असताना दारात एक गृहस्थ आले. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत नव्या चपला, हातात झेंडूच्या फुलांची पुडी. दारात चपला काढल्या. आत बघून जरा गोंधळले.

"कार्यक्रम हितंच ना?" त्यांनी विचारलं. "का हॉल वर हाय?"

नलू उठली. "कसला कार्यक्रम, काका?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. माझं निमंत्रण. "हे आलंय मला. सहकुटुंब या म्हटलंय. पण मंडळी अंथरुणात हाय, तिला कशी आणणार? म्हणून मी एकटाच आलो. पूजा झाली का?"

त्यांचं नाव दगडू. कॉटन ग्रीनला गोदामात काम करून निवृत्त झालेले. बायको दीड वर्ष पडून होती, आमचीच हवेची गादी तिच्याखाली. श्री गजानन प्रसन्न वाचलं, सस्नेह निमंत्रण वाचलं, खाली पत्ता आणि वेळ वाचली. मधलं नावांचं वाचलं नाही. कोण वाचतं? त्यांना वाटलं केंद्रात सत्यनारायण आहे. शेजारणीला बायकोपाशी बसवून बस बदलून ते परळला आले होते. जे ऐकायला घरी बायकोपाशी थांबायला हवं होतं, त्यासाठी बायकोला सोडून आले होते.

कालिंदी सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली, समोरच बसून बघा म्हणाल्या. ते बसले, फुलांची पुडी मांडीवर धरून. कॉम्प्युटरवर नऊ नावं होती.

संपल्यावर नलूने केंद्राचा मोबाईल उचलला. आमचं निमंत्रण साडेसातशे घरांना गेलं होतं. "अंबे, इकडे ये," ती म्हणाली. एकेक चॅट उघडून दाखवायला लागली. हात जोडलेले. फुलं. 'हार्दिक शुभेच्छा'. 'शुभकार्यास अनेक शुभाशीर्वाद'. एका आजोबांनी 'वधूवरांस आशीर्वाद' लिहिलं होतं. नलूने मोजायला घेतले आणि दोनशे बारावर थांबली.

"दोनशे बारा नमस्कार," ती म्हणाली. "आणि माणसं नऊ."

दगडूकाका दारात चपला घालत होते. वळून मला म्हणाले, "लई छान लिहिलंय ताई, मोठ्या मानाचं. फक्त आत काय हाय ते कळंना."

मी कॉम्प्युटर बंद केला.

सोमवारी कमिटीची बैठक झाली. तात्या बैठकीहून थेट आमच्या टेबलापाशी आले. ते वाईट माणूस नाहीत. चाळीस वर्षं विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, दादरला राहतात, एक सुट्टी न घेता केंद्राचं काम बघतात. पण कागदावर कोणी कुठल्या क्रमाने यावं हे त्यांच्या हाडात भिनलंय.

"नलू, मंडळींचं मत असं पडलं," ते म्हणाले, "की आपल्या लोकांना हे ऑनलाईन जमत नाही. नऊ जणांसाठी सिस्टरना कशाला त्रास? अजून एक कर. चाळीस माणसं आली तर पुढे दर महिन्याला चालू ठेवू. नाही आली तर विषय बंद."

"लोकांना जमत नाही का आपल्याला बोलवता येत नाही?"

"अगं, असंच असतं. उत्साह सुरुवातीचाच…"

मी डोळे मिटले.

"का असंच असतं?" नलू म्हणाली. "तात्या, हे बंद झालं तर गादी नेणारा माणूस पुन्हा गादीच नेणार. सांगणार कोण? मी दारात उभी राहून? वीस वर्षं उभी आहे. चाळीस म्हणालात ना, चाळीस आणते. पण निमंत्रण माझ्या पद्धतीने."

"तुझी पद्धत म्हणजे?"

"ती मला अजून माहीत नाही."

आणि खरंच माहीत नव्हती. पहिल्यांदा ती चुकली. तिचं म्हणणं, लोकांनी यायला हवं ते लिंकवर, तर लिंकच सगळ्यात वर टाकू. सगळ्यांना पाठवायच्या आधी तिने ओळखीच्या दहा घरांना पाठवून पाहिलं. वर निळी लिंक, खाली सगळं बाकीचं. दहा मिनिटांत नायगावहून फोन आला. "नलूताई, तुमचा मोबाईल हॅक झालाय वाटतं, तुमच्या नावाने कोणीतरी लिंका पाठवतंय!" दुसरीने तर आपल्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, सावधान, या नंबरवरून आलेल्या लिंकला हात लावू नये. हल्ली पोलीस, बँक, सगळे हेच सांगतात, आणि लोक ऐकतातही. त्या दिवशी दुपारभर नलू फोन करकरून सांगत होती, मीच आहे हो, घाडी, गादीवाली.

"बरोबर आहे त्यांचं," फोन ठेवून ती म्हणाली. "दारावर अनोळखी माणूस आला आणि आधी म्हणाला दार उघड, मग सांगतो कोण ते. कोण उघडेल? दार शेवटी."

लिंक तळाला गेली. मग तिने वेळ वर आणली. 'शनिवार, १४ तारीख, दुपारी ४ वाजता' ही पहिली ओळ. मला पटलं. निदान लग्न तरी वाटणार नाही. तेवढ्यात जाईबाई आल्या. जाईबाई लालबागच्या, घरोघरी रुग्णांची राखण करतात, आणि घरी स्वतःची सासूही अंथरुणाला. त्या वॉकर परत द्यायला आल्या होत्या. नलूने त्यांच्या हातात मोबाईल दिला. "वाचा ओ जाईबाई."

जाईबाईंनी मोबाईल लांब धरला. "शनिवार… च्यार वाजता… नाय गो." मोबाईल परत. "च्यारला माका वेळ नाय. च्यारला मी सासूक चाय देतंय."

"पुढचं वाचलंत?"

"वेळच नाय तर वाचून काय करू?"

त्या गेल्यावर नलूने लिहिलेलं पुसून टाकलं. मग तिने एका कागदावर नवीन लिहिलं, माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, टाईप केलं. दुसऱ्या दिवशी जाईबाई दुसऱ्या कामासाठी आल्या तेव्हा पुन्हा त्यांच्या हातात मोबाईल. या वेळी पहिली ओळ होती : अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं?

जाईबाई पहिल्या ओळीवर थांबल्या. दुसरी वाचली, तिसरी वाचली. ओठ हलत होते.

"लाल डाग पडलो तर काय करूचा, ता सांगतली ही सिस्टर?"

"सांगणार. करून दाखवणार."

"सासूक पडलोहा तसो. टाचेक." मग त्या वेळेच्या ओळीवर आल्या. "च्यार वाजता… बरा. चाय साडेतीनाक देतंय. एक दिवस लवकर चाय घेतल्यान तर मरूची नाय ती!"

नलू हसली नाही. टेबलावर हात आपटला फक्त. "बघितलंस अंबे? वेळ तीच. बाई तीच. आधी वेळ विचारली तर वेळ नाही. आधी तिच्या सासूची टाच विचारली तर वेळ आहे."

तिथून पुढे तिने एक नियम काढला. मोबाईल टेबलावर ठेवायचा, त्यावर तळवा पालथा टाकायचा, आणि वर फक्त दोन बोटांइतकी जागा मोकळी सोडायची. तेवढ्यात जे दिसेल तेच लोकांना आधी दिसतं. मोबाईल खिशातून काढला की वर जी पट्टी येते त्यात तेवढंच मावतं. मग समोरच्याला विचारायचं, काय आहे हे? त्याला सांगता आलं तर ठीक. नाहीतर पुन्हा लिहा.

माझ्या जुन्या निमंत्रणावर तिने तळवा ठेवला. दोन बोटांत दिसलं : श्री गजानन प्रसन्न, सस्नेह निमंत्रण.

"श्री काढायचा," ती म्हणाली.

इथे मात्र मी अडले. मी फार देवदेव करणारी नाही. सकाळी दिवा लावते, मंगळवारी जमलं तर प्रभादेवीला जाऊन येते, कोणाला सांगत बसत नाही. पण कागदाच्या डोक्यावर श्री न घालता मी आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं. शाळेची वही, वाण्याची यादी, काही नाही.

"श्री राहू दे," मी म्हटलं. "एक अक्षर आहे, तुझी किती जागा खातं?"

"जागेचं नाही गो. श्री दिसला की लोक हात जोडतात आणि पुढे जातात. वाचत नाहीत. देवाचं चुकत नाही, पण काम होत नाही."

"तू मानत नाहीस म्हणून तुला काय!"

"अंबे, दगडूकाका फुलं घेऊन आले होते," ती म्हणाली. तेवढंच.

मी घरी जाताना चालत गेले, अगदी भारतमाता टॉकीजपर्यंत. माझ्या एका अक्षरासाठी एक माणूस बायकोला शेजारणीवर सोडून आला होता. गजाननाला ते आवडलं असेल का? मला नाही वाटत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कच्च्या कागदाच्या डोक्यावर पेनाने श्री लिहिला, मनात हात जोडले, आणि त्याखाली नलूचा मजकूर उतरवला. मोबाईलवर गेला तो मजकूरच. श्री माझ्या खणातल्या कागदावर राहिला. तिने बघितलं होतं.

शेवटी झालं ते असं :

अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं?
कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची, लाल डाग दिसला तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे कालिंदी सिस्टर (वॉर्डात ३० वर्षं) पाऊण तासात करून दाखवतील. तुमच्या घरच्या माणसाबद्दल प्रश्न विचारता येतील. फुकट.
शनिवार, १४ तारीख. दुपारी ४ ते पावणेपाच. मोबाईलवर, घरबसल्या. कुठेही यायचं नाही.
तुम्ही पलंग किंवा गादी जिथून नेली ते परळचं केंद्र, आम्हीच हे करतोय. आम्ही ओटीपी किंवा बँकेची माहिती विचारत नाही.
नाव असं नोंदवा :
१. हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. नसेल तर निरोप पोचणार नाही.
२. खालच्या लिंकवर नाव आणि व्हॉट्सॲप नंबर भरा. जमत नसेल तर याच नंबरवर फक्त 'हो' लिहा.
३. शनिवारी साडेतीनला आत यायची लिंक पाठवू. चारला ती दाबा.

आणि त्याखाली नोंदणीची लिंक. 'कुठेही यायचं नाही' हे वाक्य दगडूकाकांमुळे आलं. नलूने त्यांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मग यायचं कुठं?"

तात्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अध्यक्षांचं नाव कुठे आहे?"

"नाही."

"विश्वस्तांचं?"

"नाही."

"नलू, ही पत्रिका आहे की औषधाची चिठ्ठी? संस्थेचा काही मान आहे की नाही? ही मंडळी बोलणारच नाहीत, पण त्यांच्या नावाने लोक विश्वास ठेवतात. आणि त्यांच्या नावानेच केंद्राला मदत येते."

"मदत देणाऱ्यांना वेगळं पत्र लिहा, तात्या. त्यात सगळी नावं घाला, श्री घाला, शोभा घाला. अंबिका लिहील, सुरेख लिहील. हे ज्याच्या घरी आई पडलीये त्याला जाणार आहे. त्याला आईची पाठ माहीत आहे. अध्यक्ष माहीत नाहीत."

"निदान वर एक ओळ…"

"वर दोन बोटं जागा आहे. तिथे एक तर अध्यक्ष बसतील नाहीतर जखम."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "हे असं जाणार नाही," ते म्हणाले. "मी सांगतो तसं करून मंगळवारी मला दाखव." आणि गेले.

नलूने ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत वाट बघितली. मग मोबाईल घेतला.

"अगं," मी म्हटलं, "नोकरी जाईल."

"जाऊ दे. मंगळवारपर्यंत थांबले तर लोकांना चारच दिवस उरतात. नाव नोंदवायला घरातल्या दुसऱ्याला विचारावं लागतं, कोणीतरी जवळ बसायचं ठरवावं लागतं. आठ दिवस तरी हवेत." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "तुझं नाव घेणार नाही."

"घे," मी म्हटलं. "शुद्धलेखन माझं आहे."

तिने पाठवलं. साडेसातशे घरांना.

मंगळवारी तात्या आले तेव्हा ते आधीच वाचून आले होते. त्यांच्या वहिनीच्या मोबाईलवर गिरगावातल्या कोण्या मैत्रिणीकडून फिरत आलं होतं. ते खुर्चीत बसले. आवाज चढवला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

"मला न विचारता पाठवलंस."

"हो."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मी नाहीच म्हणालो होतो!"

"म्हणून तर."

मला हसू आवरेना, मी खण उघडून त्यात तोंड घातलं. तात्या म्हणाले, "शनिवारी चाळीस झाले नाहीत तर कमिटीला मी काय सांगू?"

"सांगा, घाडीने केलं. आणि मला काढा. पण शनिवारपर्यंत हात लावू नका."

शनिवारी तात्या स्वतः आले, साडेतीनला, वही घेऊन. नावं एकशे सहा नोंदवली होती. त्यातल्या एकोणसत्तर जणांनी फक्त 'हो' लिहिलं होतं. दोघांनी हात जोडले होते, पण खाली 'हो' सुद्धा होता. नलूने साडेतीनला आत यायची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, चारला दाबा. कालिंदी सिस्टरनी उशा मांडल्या. या वेळी पलंगावर झोपायला मी होते, रुग्ण म्हणून.

चारला अकरा जण. चार वाजून पाच मिनिटांनी चोवीस. मला झोपल्या झोपल्या तात्यांची वही दिसत होती, ते एकेक रेघ मारत होते. दहा मिनिटांनी सदतीस. तिथे आकडा थांबला.

सिस्टरनी मला कुशीवर वळवलं. "पूर्ण आडवं नाही वळवायचं," त्या सांगत होत्या, "थोडं तिरकं, पाठीमागे उशी द्यायची, म्हणजे भार हाडावर येत नाही. दर दोन तासांनी. गादी हवेची असली तरी. टाच अंथरुणाला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली उशी. लाल डागावर बोट दाबून बघा. बोट काढल्यावर पांढरा झाला नाही, लालच राहिला, तर जखमेची सुरुवात आहे. त्यावर भार येऊ द्यायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं. तो चोळायचा नाही. चोळला की आतून फाटतो. आणि ती भोकाची रिंग येते ना बसायला, ती लावायची नाही."

"आमी चोळतो!" कुठल्या तरी मोबाईलमधून एक बाई ओरडली. "तेल लावून रोज चोळतो!"

"आजपासून नाही," सिस्टर म्हणाल्या.

पावणेपाचला तात्यांनी वही बंद केली. "सदतीस," ते म्हणाले. "नलू, सदतीसच आहेत. मला वाईट वाटतं."

नलू कॉम्प्युटरपाशी गेली. माईक चालू केला. "बंधूंनो, भगिनींनो, मी घाडी. ज्यांना जमेल त्यांनी कॅमेरा चालू करा. किती जण बसलाय ते आम्हाला बघायचंय."

एकेक चौकट उजळत गेली. एकीत सासू, सून आणि शेजारीण. एकीत दोन भाऊ, मध्ये वडील पलंगावर. जाईबाईंच्या मोबाईलमध्ये जाईबाई, त्यांची जाऊ, आणि मागे चहाचा कप हातात धरून तक्रारीच्या चेहऱ्याची सासू, टाचेखाली उशी. एका चौकटीत दगडूकाका होते, पांढरा शर्ट नव्हता, बनियनवर. त्यांनी मोबाईल वळवला. अंथरुणात काकू एका अंगावर तिरक्या, पाठीला उशी. काकू आमच्याकडे बघत होत्या.

"तात्या," नलू म्हणाली, "तुम्ही चाळीस माणसं म्हणाला होतात. चौकटी नव्हतात म्हणाला."

तात्यांनी वही पुन्हा उघडली. उभे राहिले, पडद्याजवळ गेले, आणि बोट लावून डोकी मोजायला लागले. बराच वेळ मोजत होते. पलंगावरच्या माणसांनाही मोजलं. एकाहत्तरपर्यंत गेले, मग एक चौकट बंद झाली आणि त्यांचा हिशेब चुकला, पुन्हा सुरुवात केली.

"असू दे तात्या," सिस्टर म्हणाल्या.

"नाही, कमिटीला नक्की आकडा लागतो," ते म्हणाले.

पुढच्या महिन्याचा वेबिनार लागला. विषय, नळीने जेवण कसं द्यायचं. मजकूर तात्यांनी स्वतः करून आणला, टाईप केलेला, कागदावर. वरून तिसऱ्या ओळीत अध्यक्षांचं नाव होतं. नलूने कागद बघितला आणि परत केला.

"का?" तात्या म्हणाले. "पहिल्या दोन ओळी तुझ्याच पद्धतीच्या आहेत."

तात्यांनी कागद टेबलावर ठेवला. इकडेतिकडे बघितलं, मग आपला तळवा पालथा करून त्यावर ठेवला, वर दोन बोटं जागा सोडून. तेवढं वाचलं. तळवा जरा खाली सरकवला. पुन्हा वाचलं. खिशातून पेन काढलं आणि अध्यक्षांना एका लांब बाणाने तळाला नेऊन बसवलं, लिंकच्याही खाली.

"इथे तरी?" त्यांनी विचारलं.

"तिथे बसू द्या," नलू म्हणाली. "तिथे कोणाच्या आड येत नाहीत."

मी खणातून कोरा कागद काढला, वर श्री लिहिला, आणि मजकूर उतरवायला घेतला.